समभागांचं मूल्यांकन आणि सुपर प्रॉफिटने गुडविल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉर्पोरेट अकाउंटिंगचा पेपर देणारी पुण्यातली मुलं आणि भोसरी-चाकणकडच्या घरगुती प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांचे भागधारक या दोघांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मुलांना मार्क हवे असतात, भागधारकांना पैसे. गणित मात्र एकच आणि चुकाही त्याच. शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीपुरतंच हे पान आहे. सगळे आकडे एकाच काल्पनिक कंपनीचे आहेत, त्यामुळे प्रश्न 2 आधी वाचा.

1. एकाच शेअरच्या तीन वेगवेगळ्या किमती कशा निघतात? खरी कोणती?

तिन्ही पद्धती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. आज कंपनीची मालमत्ता विकून सगळी देणी भागवली तर समभागधारकाच्या वाट्याला एका शेअरमागे काय उरेल, हे नेट अॅसेट पद्धत सांगते. कंपनी चालूच राहिली तर दरवर्षी मिळणाऱ्या परताव्यासाठी एखादा गुंतवणूकदार आज किती मोजेल, हे यील्ड पद्धत सांगते. फेअर व्हॅल्यू म्हणजे या दोघांची सरासरी.

बाजारात नोंद असलेल्या शेअरचा भाव रोज ठरतो. प्रायव्हेट कंपनीचा शेअर मात्र आर्टिकल्समधल्या, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीतल्या, निर्बंधांमुळे कुणालाही विकता येत नाही, म्हणून किंमत कागदावर काढावी लागते. भावाभावांत वाटणी होते, काका निवृत्त होऊन आपले शेअर पुतण्याला देतात, एखादा भागीदार बाहेर पडतो, तेव्हा हा कागद बाहेर येतो. कोणती किंमत धरायची हे शेअर कोण घेतंय आणि किती घेतंय यावर ठरतं. त्याबद्दल प्रश्न 13 मध्ये लिहिलं आहे.

2. सगळं एकाच उदाहरणावर समजावून सांगाल का?

हो. भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी धरू. 31 मार्च 2025 चा ताळेबंद असा (आकडे लाख रुपयांत):

| देणी | रक्कम | मालमत्ता | रक्कम |
|---|---|---|---|
| समभाग, 2,00,000 × ₹100 | 200 | जागा व शेड | 180 |
| 10% अग्रहक्क भाग | 50 | यंत्रसामग्री | 160 |
| राखीव निधी व शिल्लक नफा | 190 | सरकारी रोखे | 80 |
| बँकेचं मुदत कर्ज | 120 | मालसाठा | 110 |
| धनको व इतर देणी | 90 | ऋणको | 120 |
| कराची तरतूद | 30 | रोख व बँक | 20 |
| | | प्राथमिक खर्च | 10 |
| एकूण | 680 | एकूण | 680 |

मूल्यांकनाच्या वेळी पुढची माहिती मिळाली. जागा व शेडची किंमत 260, यंत्रांची 150 आणि रोख्यांची 90 लाख आहे. ऋणकोंपैकी 10 लाख येणार नाहीत. मालसाठ्यातला 5 लाखांचा माल पडून आहे. ही दोन्ही दुखणी 2022 च्या आधीची आहेत, म्हणजे गेल्या तीन वर्षांच्या नफ्याशी त्यांचा संबंध नाही. कामगार न्यायालयातल्या एका जुन्या दाव्यापोटी 5 लाख द्यावे लागतील हे जवळपास नक्की आहे आणि त्याची तरतूद केलेली नाही. या धंद्यातला सामान्य परतावा 15%, कर हिशेबाच्या सोयीसाठी 25%.

3. ताळेबंदात किंमत दिलेली असताना नव्याने मूल्यांकन का?

ताळेबंदातली किंमत म्हणजे खरेदीची किंमत वजा घसारा. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या प्लॉटची आजची किंमत ताळेबंद सांगत नाही, आणि जुन्या यंत्राला भंगाराच्या वर कुणी विचारत नाही हेही सांगत नाही. म्हणून प्रत्येक ओळीला “आज याचे किती येतील?” असा प्रश्न विचारायचा. प्राथमिक खर्चाचे काहीच येणार नाहीत, तो शून्य. (हल्लीच्या ताळेबंदात ही ओळ सहसा नसतेच, पण परीक्षेच्या गणितांनी ती जिवंत ठेवली आहे.)

एमआयडीसीचा प्लॉट बहुतेक वेळा मालकीचा नसतो, 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळालेला असतो. त्यामुळे शेजारच्या गावठाणातला मालकी हक्काच्या जागेचा भाव लावून चालत नाही. उरलेल्या वर्षांचा हक्क, वर बांधलेली शेड आणि हस्तांतरणासाठी एमआयडीसीला भरावी लागणारी रक्कम, या सगळ्यांचा विचार करून किंमत लावायची. आपल्या उदाहरणातले 260 लाख असे काढलेले आहेत असं समजा.

4. गुडविल काढताना गुंतलेलं भांडवल कसं मोजायचं?

गुडविल म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाची किंमत. ती नेट अॅसेटमध्ये मिळवायची असते, म्हणून आधी काढू, आणि त्यासाठी गुंतलेलं भांडवल लागतं. धंद्यात प्रत्यक्ष राबणारी मालमत्ता आजच्या किमतीला घ्यायची आणि त्यातून बाहेरची देणी वजा करायची.

धंद्यातली मालमत्ता: 260 + 150 + 105 + 110 + 20 = 645 लाख.
बाहेरची देणी: 120 + 90 + 30 + 5 = 245 लाख.
गुंतलेलं भांडवल: 645 − 245 = 400 लाख.

सरकारी रोखे इथे घेतले नाहीत, कारण सुटे भाग बनवायला त्यांचा काही उपयोग नाही. अग्रहक्क भागांचे 50 लाख वजा केले नाहीत, कारण ते भागधारकांचंच भांडवल आहे आणि धंद्यात राबतं आहे. मुदत कर्ज मात्र वजा केलं. नफा काढताना कर्जावरचं व्याज आधीच खर्ची पडलेलं असतं, त्यामुळे भांडवलातूनही कर्ज बाहेर जायला हवं. काही पुस्तकं दीर्घ मुदतीचं कर्ज भांडवलात ठेवतात. तसंही चालतं, पण मग व्याज नफ्यात परत मिळवायचं आणि परताव्याचा दरही त्या मोठ्या भांडवलाला साजेसा घ्यायचा.

ताळेबंदात आधीपासून गुडविल असेल तर ते या बेरजेतून काढून टाका. जे शोधायचं आहे तेच आत धरून गणित सुरू करता येत नाही.

5. अखेरचं भांडवल घ्यायचं की सरासरी?

प्रश्नात “सरासरी गुंतलेलं भांडवल” असं म्हटलं असेल तर अखेरच्या भांडवलातून चालू वर्षाच्या करोत्तर नफ्याचा निम्मा भाग वजा करतात. हा नफा वर्षभर थोडा थोडा जमा झाला, वर्षाच्या पहिल्या दिवशी तो नव्हता, हा त्यामागचा विचार. याच कारणाने वर्षभरात त्यातला काही लाभांश वाटला असेल, तर कंपनीत उरलेल्या नफ्याचाच निम्मा भाग घ्यायला हवा.

आपल्या कंपनीचा 2024-25 चा धंद्यातला नफा 116 लाख आहे (प्रश्न 6), कर जाऊन 87. निम्मा 43.5 वजा केला की सरासरी भांडवल 356.5 लाख येतं. पुढचं सगळं तसंच ठेवलं तर गुडविल 36 ऐवजी साधारण 55.6 लाख निघतं. एवढ्या एका निवडीने जवळजवळ वीस लाख हलतात, म्हणून कोणतं भांडवल धरलं ते उत्तरपत्रिकेत आणि अहवालात दोन्हीकडे शब्दांत लिहा. मी इथे अखेरचं घेतलं आहे. आपण पुढच्या वर्षांचा नफा मोजतो आहोत, आणि त्या नफ्यासाठी आजचं भांडवल राबणार आहे.

6. मागच्या नफ्यांची सरासरी काढताना काय काय दुरुस्त करायचं?

मागची वर्षं फक्त पुढच्या नफ्याचा अंदाज बांधण्यासाठी असतात. पुढे येणार नाही ते काढायचं, पुढे लागणार आहे ते मिळवायचं. कंपनीचा करपूर्व नफा 2022-23 मध्ये 90, 2023-24 मध्ये 104 आणि 2024-25 मध्ये 122 लाख होता. तिन्ही वर्षांत रोख्यांचं 6 लाख व्याज त्यात धरलेलं आहे. 2023-24 मध्ये जुनं यंत्र विकून 8 लाखांचा नफाही झाला होता.

दुरुस्त नफा: 84, 90 आणि 116 लाख.

नफा सलग चढतो आहे, म्हणून भारित सरासरी घेऊ, 1, 2, 3 या भारांनी: (84 + 180 + 348) ÷ 6 = 102 लाख. नफा वर-खाली होत असता तर साधी सरासरी बरी.

एवढ्यावर थांबू नका. या कंपनीत मालक-संचालक बाजारभावापेक्षा वर्षाला 4 लाख कमी पगार घेतात. घरगुती कंपन्यांत हे नेहमीचं आहे. उद्या नोकरीवर माणूस ठेवला तर तो पूर्ण पगार मागेल. शिवाय नव्या किमतींमुळे शेडवर जादा आणि यंत्रांवर कमी घसारा बसेल, त्याचा निव्वळ जादा बोजा 2 लाख. मालमत्ता नव्या किमतीला धरायची आणि घसारा जुन्या किमतीवर ठेवायचा, हे अर्धवट काम झालं.

पुढे टिकणारा करपूर्व नफा: 102 − 4 − 2 = 96 लाख. कर 24. करोत्तर 72 लाख.

कर वर्षावर्षाने न कापता शेवटी, आजच्या दराने कापायचा. मागच्या वर्षांचे दर पुढे लागू राहणार नाहीत.

7. आता सुपर प्रॉफिट आणि गुडविल?

400 लाखांवर 15% म्हणजे 60 लाख कुणीही या धंद्यात मिळवेल. आपली कंपनी 72 मिळवते. वरचे 12 लाख म्हणजे सुपर प्रॉफिट. तीन वर्षांची खरेदी धरली, म्हणजे हा जादा नफा पुढची तीन वर्षं मिळेल असं मानून त्याचे पैसे मोजले, तर गुडविल 12 × 3 = 36 लाख.

8. तीन वर्षंच का? पाच का नाही?

परीक्षेत वर्षं दिलेली असतात. प्रत्यक्षात विचारायचं ते असं: हा जादा नफा कशामुळे आहे, आणि ते कारण किती दिवस टिकेल? आपल्या कंपनीचा बराचसा माल एकाच मोठ्या वाहन कंपनीला जात असेल आणि पुरवठ्याचा करार दोन वर्षांत संपत असेल, तर पाच वर्षांची खरेदी म्हणजे निव्वळ आशा. मालकाच्या वैयक्तिक ओळखींवर धंदा चालत असेल तर मालक बाहेर पडताच जादा नफा आटतो. स्वतःचं डिझाइन किंवा साचे असतील तर वर्षं वाढवायला आधार मिळतो.

तीनने नुसतं गुणताना तिसऱ्या वर्षाचा रुपया आजच्या रुपयाइतकाच धरला जातो. हे खटकत असेल तर वार्षिकी पद्धत वापरा. 15% दराने तीन वर्षांचा घटक 2.283, म्हणजे गुडविल सुमारे 27.4 लाख. उलट सुपर प्रॉफिट कायमचा धरून भांडवलीकरण केलं तर 12 ÷ 15% = 80 लाख. तिन्ही आकडे त्याच 12 लाखांतून आले आहेत. समोरचा सल्लागार 80 सांगत असेल तर त्याने “हा जादा नफा कधीच संपणार नाही” असं गृहीत धरलं आहे. त्याला तेच विचारा.

9. नेट अॅसेट पद्धतीने शेअरची किंमत किती आली?

धंद्यातली मालमत्ता 645, रोखे 90, गुडविल 36, एकूण 771 लाख. त्यातून बाहेरची देणी 245 आणि अग्रहक्क भागांचे 50 वजा केले की समभागधारकांसाठी 476 लाख उरतात. भागिले 2,00,000 शेअर: ₹238.

गुडविलच्या हिशेबात बाहेर ठेवलेले रोखे इथे आत आले आणि तिथे न कापलेले अग्रहक्क भाग इथे कापले. हा फरक लक्षात ठेवायला सोपा आहे: तिकडे धंदा मोजत होतो, इकडे समभागधारकाचा वाटा मोजतो आहोत.

10. यील्ड पद्धतीचं गणित कसं?

इथे समभागधारकाच्या हातात येऊ शकणारा नफा हवा, म्हणून रोख्यांचं व्याज परत आत येतं.

करपूर्व नफा 96 + 6 = 102. कर 25.5. उरले 76.5. अग्रहक्क लाभांश 5 वजा केला की 71.5. कंपनी दरवर्षी करोत्तर नफ्याच्या 20% राखीव निधीला नेते, म्हणजे 15.3. समभागधारकांसाठी 56.2 लाख.

अपेक्षित दर: 56.2 ÷ 200 = 28.1%.
किंमत: 28.1 ÷ 15 × 100 = ₹187.33.

शेवटचा 100 हा भरणा झालेला दर्शनी भाव आहे. शेअर दहा रुपयांचा असेल तर तिथे 10 येईल. हे विसरून दहा रुपयांच्या शेअरची किंमत दहापट लिहिणारे दर परीक्षेत सापडतात.

11. राखीव निधीला नेलेली रक्कम वजा करायची की नाही? ती रक्कमही भागधारकांचीच ना?

भागधारकांचीच आहे, पण हातात येत नाही. ज्याच्याकडे थोडे शेअर आहेत त्याला लाभांश किती द्यायचा हे ठरवता येत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी राखीव वजा करून उरलेला, म्हणजे वाटता येण्याजोगा नफा धरणं योग्य. कंपनीवर ताबा असलेल्याला सगळाच नफा आपला म्हणता येतो, म्हणून त्याच्यासाठी राखीव वजा न करता कमाईवर किंमत काढतात. आपल्या कंपनीत 71.5 ÷ 200 = 35.75%, आणि 35.75 ÷ 15 × 100 = ₹238.33. नेट अॅसेटच्या 238 शी हा आकडा जुळतो तो योगायोगाने, त्यातून काही सिद्ध होत नाही.

12. नफा तोच, मग गुडविलसाठी 72 आणि यील्डसाठी 56.2 का? माझं इथेच दरवेळी चुकतं.

बहुतेकांचं इथेच चुकतं. गुडविलचा नफा आणि गुडविलचं भांडवल एकाच मालमत्तेचं असावं लागतं. भांडवलातून रोखे काढले तर नफ्यातून त्यांचं व्याज काढलंच पाहिजे. अग्रहक्क भागांचे 50 लाख भांडवलात ठेवले तर त्यांचा लाभांश नफ्यातून कापायचा नाही. यील्डमध्ये मात्र भाजक फक्त समभाग भांडवल, 200 लाख. त्यामुळे वरच्या नफ्यातून समभागधारकाचं नसलेलं सगळं जायला हवं, आणि त्याचं असलेलं सगळं, रोख्यांच्या व्याजासकट, आत यायला हवं.

चूक केली तर किती फरक पडतो ते पाहा. भांडवल 400 च ठेवलं पण व्याज नफ्यातून काढायला विसरलात, तर करोत्तर नफा 76.5, सुपर प्रॉफिट 16.5 आणि गुडविल 49.5 लाख. साडेतेरा लाख हवेतून आले आणि प्रत्येक शेअर पावणेसात रुपयांनी फुगला. शिवाय तेच रोखे नेट अॅसेटमध्ये 90 लाखांना पुन्हा मोजले गेले. असं काही झालंय का हे ओळखायला मी एकच तपासणी करतो: गुडविलच्या नफ्यातल्या प्रत्येक उत्पन्नासमोर, ते मिळवून देणारी मालमत्ता भांडवलात दिसते का?

13. फेअर व्हॅल्यू म्हणजे नुसती सरासरी? ती न्याय्य कशी?

(238 + 187.33) ÷ 2 = ₹212.67. हो, नुसती सरासरी. मालमत्तेवरची किंमत धंदा बंद होईल असं धरते, यील्ड तो तसाच चालत राहील असं धरते, आणि दोन्ही पक्ष मधल्या आकड्यावर तयार होतात. वाटाघाटीचं साधन म्हणून ती उपयोगी आहे. त्याहून जास्त शास्त्र तिच्यात शोधू नये. लेखामानकांतली “फेअर व्हॅल्यू” ही निराळी गोष्ट आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

न्यायालयांनीही सरासरीला सरसकट मान दिलेला नाही. महादेव जालान प्रकरणात 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालू कंपनीच्या शेअरसाठी साधारणपणे नफ्यावर आधारित पद्धत आणि मालमत्तेची पद्धत अपवादात्मक परिस्थितीत, असा कल दाखवला. कुसुमबेन महादेविया प्रकरणात (1980) दोन पद्धतींचं मिश्रण ही मान्य पद्धत नाही असं म्हटलं. ही दोन्ही कराची प्रकरणं होती. पुढे टॉमको कंपनीच्या हिंदुस्थान लिव्हरमधल्या विलीनीकरणात अनेक पद्धती एकत्र करून काढलेलं शेअरचं प्रमाण त्याच न्यायालयाने मान्य केलं. म्हणजे कराचा वाद आणि दोन पक्षांनी मान्य केलेला व्यवहार यांच्याकडे एकाच नजरेने पाहिलं जात नाही.

आता काकांकडे 10% म्हणजे 20,000 शेअर आहेत असं समजा. नेट अॅसेटने 47.60 लाख, यील्डने 37.47 लाख, फेअर व्हॅल्यूने 42.53 लाख. काका 238 मागतील, पुतण्या 187 वर अडून बसेल. 10% शेअरवर ना प्लॉट विकता येतो ना लाभांश ठरवता येतो, म्हणून काटेकोरपणे पाहिलं तर पुतण्याची बाजू जड आहे. पण ते 10% घेऊन पुतण्याचे 45 चे 55% होणार असतील, तर तो कंपनीचा ताबा विकत घेतोय आणि त्याने 238 च्या जवळ जायला हवं. आर्टिकल्समध्ये किमतीची पद्धत आधीच लिहिली असेल तर आधी ती वाचा. मग बाकीचा वाद बराचसा संपतो.

14. जागेची किंमत इतकी वाढली आहे की सुपर प्रॉफिट उणे येतो. आता?

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या जुन्या कंपन्यांचं हे खास दुखणं आहे. आपल्याच कंपनीची जागा व शेड 260 ऐवजी 460 लाखांची धरा, बाकी सगळं तेच, घसाराही तोच. गुंतलेलं भांडवल 600, सामान्य नफा 90, आणि कंपनी मिळवते 72. सुपर प्रॉफिट उणे 18. गुडविल शून्य. उणे गुडविल वजा करायचं नसतं.

नेट अॅसेट: 645 + 200 + 90 − 245 − 50 = 640 लाख, शेअरमागे ₹320. यील्ड मात्र तिथल्या तिथे, ₹187.33. सरासरी ₹253.67.

ही सरासरी मी कुणाला वापरायला सांगणार नाही. कंपनी चालू राहिली तर शेअर 187 चा आहे, बंद करून जागा विकली तर 320 च्या आसपास. मधल्या आकड्याची परिस्थिती कधीच येणार नाही. अशा वेळी खरा प्रश्न असा की जागा विकण्याचा किंवा कारखाना चाकणच्या पुढे स्वस्त जागेत हलवण्याचा अधिकार आणि इरादा कुणाकडे आहे. असेल तर मालमत्तेची पद्धत, पण त्यातून जागा विकल्यावरचा कर, हस्तांतरणाचं शुल्क आणि कामगारांची देणी वजा करून. नसेल तर यील्ड.

प्लॉटचा अर्धा भाग नुसता मोकळा पडला असेल तर तो रोख्यांसारखा वागवा: गुडविलच्या भांडवलातून बाहेर, नेट अॅसेटमध्ये आत. कधीकधी एवढ्याने उणे सुपर प्रॉफिट अधिक होतो.

15. काही शेअरवर पूर्ण रक्कम भरलेली नाही. भाग कसा पाडायचा?

दुसरी एक कंपनी घेऊ. ₹100 चे 1,50,000 शेअर पूर्ण भरलेले, 50,000 शेअरवर ₹60 भरलेले. समभागधारकांसाठीची निव्वळ मालमत्ता 430 लाख. उरलेले ₹40 मागवले असं समजून 20 लाख मिळवायचे: 450 लाख ÷ 2,00,000 = ₹225. पूर्ण भरलेला शेअर 225 चा, अंशतः भरलेला 225 − 40 = 185 चा.

यील्डमध्ये ही युक्ती चालत नाही. तिथे भरणा झालेलं भांडवल 180 लाख हाच भाजक. वाटता येणारा नफा 36 लाख असेल तर दर 20%, आणि 15% परताव्याने पूर्ण शेअर ₹133.33, अंशतः भरलेला 60 ÷ 15 × 20 = ₹80.

16. अग्रहक्क भागांचा लाभांश थकला असेल तर?

भाग संचयी असतील तर थकबाकी समभागधारकांच्या आधी जाते, म्हणून नेट अॅसेटमध्ये भांडवलासोबत तीही वजा करा. यील्डमध्ये मात्र फक्त एका वर्षाचा लाभांश वजा होतो. थकबाकी एकदाच द्यायची आहे, दरवर्षी नाही. उरलेल्या मालमत्तेतही वाटा मिळणारे अग्रहक्क भाग असतील तर त्यांचा वाटा आर्टिकल्स पाहूनच काढावा लागतो.

17. सुचवलेला लाभांश देण्यांत धरायचा का?

जुन्या गणितांत तो ताळेबंदातच असायचा. लेखामानक 4 मध्ये 2016 साली बदल झाला आणि ताळेबंदाच्या तारखेनंतर जाहीर झालेला लाभांश देणं म्हणून दाखवणं बंद झालं. आता त्याचा उल्लेख फक्त टिपांमध्ये असतो. त्यामुळे आजच्या ताळेबंदावरून काढलेली किंमत लाभांशासहितची असते. विकणारा आधी लाभांश घेऊन मग शेअर देणार असेल, तर शेअरमागचा लाभांश किमतीतून वजा करा. जुन्या पुस्तकातलं गणित सोडवताना लाभांश देण्यांत आहे की नाही ते आधी पाहा.

18. हे 36 लाखांचं गुडविल कंपनीच्या वह्यांत नोंदवायचं का?

नाही. स्वतः कमावलेलं गुडविल मालमत्ता म्हणून नोंदवायला लेखामानक 26 परवानगी देत नाही. ते फक्त मूल्यांकनाच्या कागदावर राहतं.

19. ₹212.67 ला व्यवहार केला तर आयकर खातं मान्य करेल?

तसं गृहीत धरू नका. नोंद नसलेल्या समभागांसाठी आयकर नियम 1962 मधल्या नियम 11 यूए मध्ये स्वतःचं सूत्र होतं. ते मुख्यतः पुस्तकी किमतींवर चालायचं, स्थावर मालमत्ता मुद्रांक शुल्काच्या किमतीला घ्यायचं, आणि वह्यांत नसलेलं गुडविल त्यात येतच नसे. त्या सूत्राच्या किमतीपेक्षा स्वस्तात शेअर घेतले किंवा विकले तर फरकावर कर लागू शकतो. काका-पुतण्याच्या नात्यातल्या व्यवहाराला घेणाऱ्याच्या बाजूने सूट मिळू शकते, विकणाऱ्याच्या भांडवली नफ्याचा हिशेब वेगळा. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू असल्याने कलमांचे आणि नियमांचे क्रमांकही बदलतात, तेव्हा व्यवहाराच्या तारखेला कोणता नियम लागू आहे हे सीएकडून लेखी घ्या. कंपनी कायद्याखाली मूल्यांकन लागत असेल, उदाहरणार्थ निवडक व्यक्तींना नवे शेअर देताना, तर कलम 247 प्रमाणे नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल हवा. तिथे घरी काढलेला कागद चालत नाही.